मल्टिस्ट्रँड वायरला फेरूल आणि लग: एमसीबीच्या टर्मिनलमधली पकड सैल पडू नये म्हणून

घरातल्या डीबीमध्ये, म्हणजे एमसीबी बसवलेल्या वितरण पेटीत, आज बहुतेक वायर मल्टिस्ट्रँड, म्हणजे अनेक बारीक धाग्यांची असते. ४ चौरस मिमीच्या चांगल्या वायरमध्ये ०.३ मिमी जाडीचे ५६ धागे असतात, २.५ मध्ये ३६ आणि १.५ मध्ये २२. अशी वायर पाइपातून ओढायला आणि वळवायला सोपी, पण स्क्रूखाली धरायला अवघड. स्क्रू घट्ट पिळला की धागे आधी एकमेकांवर चढतात, मग हळूहळू बाजूला सरकून मोकळ्या जागेत बसतात. खराट्याची कडी सैल झाली की हीर जसे एकेक करून निसटू लागतात, तसंच इथे होतं. स्क्रू जागचा हललेला नसतो, पण त्याच्याखालचा गठ्ठा बारीक झालेला असतो.

त्यात तांबं मऊ. सततच्या दाबाखाली ते थोडं थोडं पसरत जातं. शिवाय लोड आला की जोड तापतो आणि फुगतो, लोड गेला की थंड होऊन आकसतो. दिवसातून दोनदा गिझर चालला तर वर्षाला सातशेच्या वर वेळा हे घडतं. म्हणून ज्या दिवशी वायरिंग झालं त्या दिवशी घट्ट असलेला स्क्रू दोन वर्षांनी पाव फेरा सहज फिरतो.

फेरूल म्हणजे कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची पातळ नळी. ती धाग्यांवर घालून योग्य हत्याराने दाबली की सगळे धागे एका तुकड्यासारखे होतात आणि त्यांना सरकायला जागा उरत नाही. लग, म्हणजे बाजारात ज्याला थिंबलही म्हणतात ती वस्तू, हेच काम बोल्टच्या जोडासाठी करते. घरगुती डीबीत एमसीबीला आणि न्यूट्रल लिंकला, म्हणजे सगळ्या न्यूट्रल वायर जिथे एकत्र येतात त्या पितळी पट्टीला फेरूल, अर्थच्या बोल्टला रिंग लग, अशी साधी वाटणी लक्षात ठेवली तरी पुरे.

सैल जोड एमसीबीला का कळत नाही

एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरून चालू. ३ किलोवॉटचा गिझर, ४ चौरस मिमीची वायर, २० अँपिअरचा एमसीबी. २३० व्होल्टला हा गिझर साधारण १३ अँपिअर घेतो, म्हणजे हिशेबाने सगळं ठीक आहे.

चांगल्या जोडाचा रोध एक मिलिओहमच्याही खाली असतो. त्यात तयार होणारी उष्णता वॉटच्या एखाद्या अंशाइतकी, ती कुठे गेली कळतही नाही. आता जोड सैल होऊन रोध ५० मिलिओहम झाला असं धरा. १३ चा वर्ग १६९, त्याला ०.०५ ने गुणलं की जवळपास साडेआठ वॉट. आकडा छोटा वाटतो, पण ही उष्णता बोटाच्या पेराएवढ्या टर्मिनलमध्ये, बंद डब्यात, गिझर चालू असेपर्यंत सतत तयार होते. तांबं काळवंडतं, काळवंडलं की रोध वाढतो आणि रोध वाढला की आणखी तापतं.

या सगळ्यात प्रवाह १३ अँपिअरच राहतो, किंचित कमीच होतो. त्यामुळे ओव्हरलोड म्हणून एमसीबी पडत नाही. प्रवाह जमिनीत गळत नाही, म्हणून आरसीसीबीलाही काही दिसत नाही. कधीकधी मात्र उलटं होतं. टर्मिनलची उष्णता एमसीबीच्या आतल्या द्विधातू पट्टीपर्यंत पोहोचते आणि गिझर पंधरा-वीस मिनिटं चालला की एमसीबी पडतो. मग एमसीबी कमजोर आहे असं समजून लोक तो बदलतात, काही महाभाग तर थेट ३२ चा बसवतात. क्लॅम्प मीटरने १३ अँपिअरच दिसत असतील तर एमसीबीआधी त्याच्या टर्मिनलमधल्या वायरवर संशय घ्यावा.

आधी वीज बंद, आणि तीही तपासून

मुख्य स्विच बंद केल्यावरही त्याच्या येणाऱ्या बाजूच्या टर्मिनलवर वीज असतेच. तिकडे हात, पेचकस किंवा तुटलेला धागा जाता कामा नये. मीटरची बाजू आणि सील केलेले भाग वितरण कंपनीचे असतात, ते उघडायचे नाहीत. डीबीतलं प्रत्यक्ष काम परवानाधारक वायरमनने किंवा त्याच्या देखरेखीखाली करायचं. फेरूल कसं चढवायचं याचा सराव मात्र टेबलावर, कुठेही न जोडलेल्या वायरच्या तुकड्यांवर कुणालाही करता येतो आणि तो करूनच डीबीकडे वळावं.

आपल्याकडे एक गोष्ट हमखास विसरली जाते, ती म्हणजे इन्व्हर्टर. मुख्य स्विच पाडला की इन्व्हर्टर इमानदारीने चालू होतो आणि डीबीतल्या काही वायरमध्ये २३० व्होल्ट परत येतात. त्यामुळे आधी इन्व्हर्टर बंद करायचा आणि त्याची आउटपुट वायर वेगळी करणारा स्विच असेल तर तोही पाडायचा. मग मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ अशी तीनही मापं घ्यायची. मीटर चालतोय याची खात्री त्याआधी आणि त्यानंतर चालू सॉकेटवर किंवा माहीत असलेल्या स्रोतावर करायची. टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणजे वीज नाही, असं मानू नये.

फेरूलची निवड

पाकिटावरचा ई ४०१२ यासारखा क्रमांक वाचायला सोपा आहे. पहिले दोन आकडे वायरचा छेद सांगतात, ४.० चौरस मिमी. पुढचे दोन धातूच्या नळीची लांबी, १२ मिमी. तसंच ई २५०८ म्हणजे २.५ साठी ८ मिमी लांब. टी-ई ने सुरू होणारं फेरूल दोन वायर एकत्र घालायचं असतं.

रंगांवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नका. सध्या बाजारात जास्त दिसणाऱ्या जर्मन मानकाच्या रंगांत १.५ ला काळा, २.५ ला निळा, ४ ला करडा, ६ ला पिवळा आणि १० ला लाल असतो. पण ०.७५ चं फेरूलही करडंच असतं आणि १ चौरसचं लाल. फ्रेंच पद्धतीची रंगसंगती आणखी निराळी. त्यात इन्सुलेटेड रिंग लगची भाषा वेगळी आहे: लाल ०.५ ते १.५ साठी, निळा १.५ ते २.५ साठी आणि पिवळा ४ ते ६ साठी. म्हणजे ४ च्या वायरला लग पिवळं लागतं, पण फेरूल करडं. रंग ओळखीपुरता धरा, आकडा वाचून घ्या.

लांबी टर्मिनल ठरवतं. बहुतेक एमसीबीच्या टर्मिनलला १२ ते १५ मिमी सोललेली वायर लागते. नेमका आकडा एमसीबीच्या अंगावर किंवा सोबतच्या कागदावर असतो. ८-९ मिमीचं आखूड फेरूल घातलं तर टर्मिनलमधल्या वायर दाबणाऱ्या पिंजऱ्याची पकड नळीच्या टोकावरच येते, नाहीतर नळी पुरेशी आत जावी म्हणून फेरूलच्या मागच्या टोकाची प्लास्टिकची कॉलर आत ढकलली जाते आणि पकड धातूऐवजी प्लास्टिकवर बसते. म्हणून आपल्या उदाहरणात ई ४०१२. न्यूट्रल लिंकमध्ये एकेका भोकाला दोन स्क्रू असतील तर नळी दोन्ही स्क्रूंच्या खाली पोहोचायला हवी. तिथे भोकाची खोली मोजून १२ किंवा १८ मिमीचं घ्यावं.

फेरूल वायरवर सैल वाटलं तर दोन कारणं असू शकतात. एक तर मोठं फेरूल हाती आलंय, किंवा वायरमध्ये तांबंच कमी आहे. दुसरी शक्यता हसण्यावारी नेऊ नका. सोललेल्या टोकाचे धागे मोजा, शक्य असेल तर मायक्रोमीटरने एका धाग्याची जाडी बघा. ४ म्हणून घेतलेल्या वायरमध्ये ०.३ चे ५६ ऐवजी ४५ च धागे निघाले तर ती सव्वातीन चौरसही भरत नाही. अशा वेळी फेरूल बदलून भागत नाही, वायरच्या आकाराचाच पुन्हा विचार करावा लागतो.

उलट कॉलरमध्ये इन्सुलेशन शिरत नसेल तर ते ब्लेडने तासून बारीक करू नका आणि चार धागे कापून तर मुळीच नको. कॉलर नसलेलं साधं फेरूल घ्या.

सॉलिड, म्हणजे एकाच जाड तारेच्या वायरला फेरूल लागत नाही. काही एमसीबींच्या माहितीपत्रकात लवचिक वायर फेरूलशिवाय चालेल असं लिहिलेलं असतं आणि चांगल्या पिंजरा-टर्मिनलमध्ये ती चालतेही. आमचं मत असं, की एमसीबीत एकवेळ फेरूल राहिलं तर चालेल, पण न्यूट्रल लिंकमध्ये राहू देऊ नये. लिंकच्या पितळी पट्टीत स्क्रूचं टोक थेट धाग्यांवर फिरत उतरतं. काही धागे तुटतात, काही बाजूला पळतात. जळालेला न्यूट्रल जळालेल्या फेजइतकाच सहज सापडतो, तो यामुळेच.

हत्यार

साध्या पक्कडीने फेरूल चपटं करता येतं, पण धागे सगळ्या बाजूंनी दाबले जात नाहीत. दोन बोटांनी ओढलं की ते निघतं, किंवा तेव्हा न निघता सहा महिन्यांनी निघतं. रॅचेट असलेलं, ०.२५ ते ६ किंवा १० चौरस मिमीचं, स्वतःच आकार जुळवून घेणारं फेरूल क्रिंपर घ्या. रॅचेटचा फायदा हा, की दाब पूर्ण झाल्याशिवाय जबडा उघडतच नाही, त्यामुळे अर्धवट क्रिंप राहत नाही.

अशा हत्यारांत चौकोनी आणि षटकोनी असे दोन आकार मिळतात. एमसीबीच्या पिंजऱ्यात चौकोनी बरं, कारण त्याची सपाट बाजू टर्मिनलच्या सपाट पृष्ठभागावर पूर्ण टेकते. न्यूट्रल लिंकच्या गोल भोकात षटकोनी सहज जातं, पण तिथेही आम्ही चौकोनीच वापरतो आणि सपाट बाजू स्क्रूकडे करतो. चौकोनी क्रिंप भोकात जात नसेल तर ठोकून घालण्याऐवजी षटकोनी वापरावं.

फेरूलचं क्रिंपर लगला चालत नाही आणि लगचं फेरूलला. लाल-निळ्या-पिवळ्या ठिपक्यांचे खाचे असलेलं हत्यार इन्सुलेटेड लगचं असतं. त्यात दाबलेलं फेरूल अंडाकृती आणि पोकळ राहतं.

४ च्या वायरला फेरूल, क्रमाने

१. वायरचं टोक कटरने सरळ कापा. जुनी वायर असेल तर तांबं चमकदार लागेपर्यंत मागे कापत जा. काळपट किंवा गुलाबीसर झालेल्या धाग्यांवर फेरूल दाबलं तर ऑक्साइडचा थर आतच अडकतो आणि जोड पहिल्या दिवसापासून तापतो. यासाठीच डीबीत प्रत्येक वायरची १०-१५ सेंटिमीटर लांबी राखून ठेवलेली असावी.

२. १२ मिमीच्या फेरूलसाठी साधारण १४ मिमी सोला. वाढीव दोन मिमी कॉलरच्या आतल्या भागासाठी लागतात. स्ट्रिपरचा खाचा वायरच्या आकाराचाच वापरा. ब्लेड गोल फिरवून सोलताना बाहेरचे धागे हमखास चिरतात. ५६ पैकी सहा-सात गेले तर दहाव्या हिश्शाहून जास्त तांबं गेलं. धागा तुटलेला दिसला की ते टोक कापून पुन्हा सोला.

३. धागे सरळ करा. त्यांना कारखान्यातूनच एक पीळ असतो, त्याच दिशेने हलकासा पीळ द्या. जोरात पिळू नका, गठ्ठा जाड होतो आणि नळीत जाताना बाहेरचे धागे मागे वळतात.

४. फेरूल किंचित फिरवत घाला, इन्सुलेशन कॉलरमध्ये पूर्ण शिरेपर्यंत. नळीच्या दुसऱ्या टोकाला धागे दिसले पाहिजेत, नळीच्या कडेशी समपातळीत किंवा अर्धा ते एक मिमी बाहेर. आत राहिले असतील तर सोलणं कमी पडलंय. कॉलरशी एखादा धागा बाहेर मुरडलेला दिसला तर काढून पुन्हा घाला; तो धागा शेजारच्या टर्मिनलला टेकू शकतो.

५. फेरूल हत्यारात असं धरा की जबडा फक्त धातूवर येईल, कॉलरवर नाही. रॅचेट सुटेपर्यंत दाबा. जबडा नळीहून अरुंद असेल तर कॉलरकडून सुरू करून पुढे सरकत दुसऱ्यांदा दाबा, आणि दोन्ही वेळा कोन तोच ठेवा, नाहीतर नळी पिळवटते.

६. आता बघा. नळी सरळ आहे, चिरलेली नाही, खाचांचे ठसे चारही बाजूंना सारखे आहेत आणि टोकाला धाग्यांमध्ये पोकळी दिसत नाही, तर क्रिंप ठीक आहे. मग ओढून पाहा. स्विचगिअरच्या टर्मिनलसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात ४ चौरस मिमीच्या वायरला ६० न्यूटन, २.५ ला ५० आणि १.५ ला ४० न्यूटन ओढ धरली आहे. ६० न्यूटन म्हणजे सुमारे सहा किलो. सामान तोलायचा हुकवाला काटा यासाठी छान चालतो: फेरूल व्हाइसमध्ये धरा, वायरला हुक लावा आणि सावकाश सहा किलोपर्यंत ओढा. नवं हत्यार किंवा नवं पाकीट आणलं की पहिले चार-पाच नग असे तपासून मगच डीबीला हात लावा.

जी गोष्ट कुणी कितीही आग्रहाने सांगितली तरी करू नये ती म्हणजे धाग्यांवर सोल्डर चढवून ते टोक स्क्रूखाली धरणं. वरवर ते फेरूलसारखंच कडक दिसतं. पण सोल्डर तांब्याहूनही मऊ असतो, दाबाखाली वाहत राहतो आणि तापल्यावर आणखी जोरात. शिवाय सोल्डर जिथे संपतो तिथे वायर कडक-मऊ अशी तुटक होते आणि हलली की नेमकी तिथेच मोडते.

एमसीबीत बसवताना

एमसीबीचं टर्मिनल बहुधा पिंजऱ्यासारखं असतं: स्क्रू फिरला की चौकोनी पिंजरा वर येतो आणि वायरला पट्टीवर दाबतो. नवशिक्यांची सगळ्यात वाईट चूक इथे होते आणि ती दिसतही नाही. पिंजरा अर्धाच उघडा असेल तर वायर त्याच्या आत न जाता मागून किंवा खालून जाते. स्क्रू पिळला की पिंजरा रिकामाच वर जाऊन टेकतो, हाताला घट्ट लागतं आणि वायर नुसती अडकून उभी राहते. म्हणून आधी स्क्रू पूर्ण उलटा फिरवून पिंजरा खाली आणा, टॉर्चने आत बघा आणि मगच फेरूल घाला.

फेरूल टेकेपर्यंत आत गेलं पाहिजे. कॉलरची कड टर्मिनलच्या तोंडाशी येते, पिंजऱ्याखाली जात नाही. कॉलर आणि टर्मिनलमध्ये उघडं तांबं दिसलं तर लांबी चुकली आहे.

पेचकस स्क्रूच्या खाचेला जुळणारा घ्या. अनेक एमसीबींचे स्क्रू पोझिड्राइव्ह २ चे असतात, म्हणजे अधिकच्या चिन्हात आणखी चार बारीक रेघा. त्यात साधा फिलिप्स पेचकस घातला की जोर लागण्याआधीच तो उसळतो, खाच खराब होते आणि स्क्रू पुरेसा बसतच नाही.

किती घट्ट, याचं उत्तर एमसीबीच्या अंगावर न्यूटन मीटरमध्ये छापलेलं असतं. घरगुती आकारात ते साधारण २ ते ३.५ च्या दरम्यान असतं. २ न्यूटन मीटर म्हणजे १० सेंटिमीटर लांब दांड्याच्या टोकाला सुमारे दोन किलोचा जोर. टॉर्क पेचकस असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर एकदा कुणाच्या टॉर्क पेचकसाने सुटा, जुना एमसीबी पिळून ती जाणीव मनगटात बसवून घ्या. बळकट हाताचा माणूस छापील आकड्याच्या पुढे सहज जातो आणि मग पिंजऱ्याचे आटे जातात किंवा प्लास्टिकला तडा जातो. तडा गेलेला एमसीबी कितीही नवा असला तरी बदलायचा.

पिळल्यावर वायर धरून ओढा. पिंजऱ्यामागे गेलेली वायर इथे सुटून हातात येते. दोन-चार मिनिटांनी पुन्हा त्याच टॉर्कला पेचकस लावून बघा. फेरूल असेल तर स्क्रू जवळपास जागचा हलत नाही, उघड्या धाग्यांवर मात्र तो आणखी थोडा फिरतो. न्यूट्रल लिंकला दोन स्क्रू असतील तर दुसरा घट्ट केल्यावर पहिला परत एकदा तपासा, कारण दुसऱ्याच्या दाबाने पहिल्याखालचा दाब उतरतो.

एका टर्मिनलमध्ये दोन वायर घालायची वेळ आली, तर आधी माहितीपत्रक तशी परवानगी देतं का ते बघा. देत असेल तर दोन्ही वायर एकाच छेदाच्या घ्या आणि जोड-फेरूल वापरा. जाड आणि बारीक वायर शेजारी घातल्या की स्क्रूचा सगळा जोर जाड वायर घेते आणि बारीक मोकळी राहते. एमसीबींना जोडणाऱ्या फणी-बसबारसोबत त्याच पिंजऱ्यात वायर कोंबण्यालाही हेच लागू. ज्या एमसीबींत वायरला वेगळं तोंड दिलेलं असतं तिथेच ते जमतं.

लग कुठे आणि कसं

पिंजऱ्याच्या टर्मिनलमध्ये रिंग लग बसत नाही. रिंगची कड कापून घुसवलेली लग डीबीत दिसतात, पण त्यात पकड जेमतेम पट्टीच्या अर्ध्या रुंदीवर असते. लगची जागा बोल्ट असेल तिथे: डीबीच्या अंगावरचा अर्थ बोल्ट, अर्थची तांब्याची पट्टी, पंपाच्या मोटरचा टर्मिनल बॉक्स, आणि एमसीसीबी, म्हणजे मोठ्या प्रवाहाचा ब्रेकर.

लग निवडताना दोन माप पाहायची, वायरचा छेद आणि बोल्टचं भोक. १० चौरसची अर्थ वायर ६ मिमीच्या बोल्टला लावायची तर १० चौरसचं आणि एम ६ च्या भोकाचं ट्यूब लग. ८ च्या भोकाचं लग ६ च्या बोल्टला वॉशर लावून भागवलं तर टेकायची जागा कमी होते.

वायर लगच्या नळीच्या आतल्या लांबीपेक्षा एक-दोन मिमी जास्त सोला. तपासणीचं भोक असेल तर त्यातून धागे दिसेपर्यंत आत ढकला. क्रिंपिंग हत्यारात १० चा आकडा असलेला साचाच लावा. दोन दाब द्यायचे असतील तर पहिला जिभेकडचा आणि दुसरा वायरकडचा, म्हणजे नळी लांबत जाते ती वायरच्या दिशेने आणि धागे बाहेर ढकलले जात नाहीत. ज्या लगच्या नळीवर सांधा असतो आणि दाब एका बाजूने खळगा पाडून दिला जातो, तिथे तो खळगा सांध्याच्या समोरच्या बाजूला यावा. सांध्यावर दाबलं तर नळी उसवते. इन्सुलेटेड लगला दोन दाब असतात, एक धातूवर आणि दुसरा इन्सुलेशनवर. दुसरा दाब वायर हलली तरी धागे मोडू नयेत यासाठी असतो, विजेची पकड पहिल्यानेच येते.

बोल्टवर चढवायचा क्रम चुकवू नका. लगची सपाट बाजू थेट पट्टीला टेकली पाहिजे, मध्ये काही नाही. त्यावर सपाट वॉशर, मग स्प्रिंग वॉशर, मग नट. लग आणि पट्टीच्या मध्ये वॉशर घातला की सगळा प्रवाह त्या स्टीलच्या चकतीतून जातो. घट्ट दिसणारे कितीतरी जोड याच कारणाने तापतात. पट्टीवर रंग असेल तर तो लगच्या जागेपुरता खरवडून काढा.

ॲल्युमिनियमच्या केबलला तांब्याचं लग घालायचं नाही. ॲल्युमिनियमवर हवेत क्षणात ऑक्साइडचा थर येतो आणि तो वीज वाहून नेत नाही, शिवाय दोन धातूंमध्ये ओलावा आला की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. शेतातल्या पंपाच्या पेटीत, पावसाळ्यात घाम धरणाऱ्या डब्यात, हे फार लवकर होतं. तिथे एका टोकाला ॲल्युमिनियम आणि दुसऱ्या टोकाला तांबं असलेलं द्विधातू लग लागतं, आणि केबल एमसीबीत घालायची असेल तर त्याचंच पिन लग. तारेचं टोक तारेच्या ब्रशने घासून, लगेच जोडाची पेस्ट असलेल्या नळीत घालून दाबायचं. घासून ठेवलेलं टोक जेवणानंतर क्रिंप करायला घेऊ नये.

बिघाड कसा ओळखायचा

आपल्या गिझरच्या उदाहरणात परत येऊ. गिझर अर्धा तास चालला की डीबीचं झाकण न काढता एमसीबींच्या पुढच्या प्लास्टिकला बोटाची पाठ लावा. लोड सगळ्यात जास्त ज्या एमसीबीवर आहे तो शेजाऱ्यांहून थोडा कोमट असणं साहजिक आहे. पण तो इतका गरम असेल की बोट ठेववत नाही, तर ते साहजिक नाही. जळक्या माशासारखा वास, एमसीबीजवळ इन्सुलेशनचा रंग तपकिरी होणं किंवा ते कडक पडणं, गिझर चालू असताना डीबीतून बारीक चरचर येणं, ही पुढची पायरी. चरचर ऐकू आली की एमसीबी पाडा आणि उघडून पाहिल्याशिवाय पुन्हा चालू करू नका.

उघडल्यावर केवळ स्क्रू पिळून काम संपवू नका. तापून गेलेले धागे मऊ झालेले असतात आणि त्यांच्यावर ऑक्साइड असतं. वरून कितीही पिळलं तरी महिन्याभरात तेच. चमकदार तांबं लागेपर्यंत वायर कापा, नवं फेरूल दाबा. एमसीबीच्या पिंजऱ्याचा मुलामा काळा-निळा पडला असेल किंवा प्लास्टिक वितळून वाकलं असेल तर एमसीबी बदला. वायर मागे कापून पुरत नसेल तर तो सर्किट डीबीतल्या जवळच्या जागेवर हलवा. ताणून बसवलेली वायर टर्मिनलला सतत ओढत राहते.

नवं काम झाल्यावर महिन्याभराने एकदा, वीज बंद करून, छापील टॉर्कलाच प्रत्येक स्क्रू तपासावा. त्यानंतर दर भेटीत सगळे स्क्रू थोडे थोडे पिळत राहायची सवय मात्र चांगली नाही, कारण प्रत्येक वेळी तांबं आणखी दबतं आणि आटे झिजतात. स्क्रू ठरल्या टॉर्कला न हलता अडला तर तो सोडून द्या.